पाण्यातलं प्लास्टिक: चाळणी बदलली की आकडा बदलतो

दिवाळीच्या आधी आमच्याकडे उटणं घरीच होतं. आई ते आधी रव्याच्या चाळणीतून काढते, मग मैद्याच्या, आणि शेवटी मलमलीच्या फडक्यातून वस्त्रगाळ करते. रव्याच्या चाळणीवर जेमतेम चिमूटभर भरडा उरतो. मैद्याच्या चाळणीवर त्याहून जास्त. आणि फडक्यात पाहावं तर निम्मं उटणं अजून आतच असतं. उटणं तेच असतं, पण त्यात जाड कण किती, या प्रश्नाला तीन चाळण्या तीन उत्तरं देतात.

पाण्यातल्या मायक्रोप्लास्टिकबद्दल जे आकडे आपल्या फोनवर येऊन आदळतात, ते वाचताना मला हे उटणं हमखास आठवतं. एक बातमी म्हणते बाटलीबंद पाण्यात लिटरमागे दहा कण. दुसरी म्हणते सव्वातीनशे. तिसरी म्हणते दोन लाख चाळीस हजार. तिन्ही बातम्यांमागे खरे प्रयोग आहेत आणि तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. फरक आहे तो चाळणीचा.

प्लास्टिकच्या पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्याला मायक्रोप्लास्टिक म्हणतात. तांदळाचा लांबट दाणासुद्धा त्याहून मोठा भरेल. खालच्या टोकाला एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्याहूनही लहान असेल तर ते नॅनोप्लास्टिक. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. म्हणजे एकाच नावाखाली तांदळाच्या कणीपासून केसाच्या सत्तराव्या भागापर्यंत सगळं येतं. तुरीची डाळ आणि गव्हाचं पीठ दोन्हीला ‘धान्य’ म्हणून मोजायला बसावं, तसला हा प्रकार.

२०१८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या फ्रेडोनिया इथल्या विद्यापीठात शेरी मेसन यांच्या गटाने नऊ देशांतून आणलेल्या ११ ब्रँडच्या २५९ बाटल्या तपासल्या. त्यात भारतातल्याही बाटल्या होत्या. पाणी गाळलं, आणि गाळणीवर नाईल रेड नावाचा रंग टाकला. हा रंग पाण्याला चिकटत नाही, तेलकट किंवा प्लास्टिकसारख्या पृष्ठभागाला चिकटतो आणि निळ्या प्रकाशात चमकतो. शंभर मायक्रॉनपेक्षा मोठे, म्हणजे चिमट्याने उचलता येतील असे कण लिटरमागे सरासरी १०.४ निघाले. ते उचलून वेगळ्या यंत्राखाली धरले आणि प्लास्टिकच आहेत याची खात्री केली. त्यात निम्म्याहून जास्त पॉलिप्रॉपिलीन होतं, ज्यापासून बाटल्यांची झाकणं बनतात. त्याहून लहान, साडेसहा मायक्रॉनपर्यंतचे चमकणारे ठिपके संगणकाने मोजले तेव्हा सरासरी ३२५ झाली. हे लहान ठिपके मात्र एकेक करून तपासलेले नव्हते. चमकले म्हणून ते प्लास्टिक असावेत, असं धरलं होतं. इथूनच एक जुना वाद सुरू होतो, आणि तो आपल्याला शेवटपर्यंत सोडणार नाही: कण दिसला, पण तो प्लास्टिकचाच कशावरून?

जानेवारी २०२४ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या नायशिन चिआन, वेई मिन, बायझान यान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न नव्या उपकरणाने सोडवायला घेतला. कणावर लेसरचे दोन झोत टाकायचे आणि दोघांच्या रंगांतला फरक असा जुळवायचा, की ठरावीक रासायनिक बंधच त्याला प्रतिसाद देईल. सतारीची एक तार छेडली की त्याच सुराला लावलेली तरफेची तार आपसूक झंकारते, काहीसं तसं. नायलॉनची तार वेगळी, पॉलिस्टायरीनची वेगळी. अशी सात प्लास्टिकं त्यांनी शोधली. अमेरिकेत खपणाऱ्या तीन ब्रँडच्या पाण्यात लिटरमागे एक लाख दहा हजार ते तीन लाख सत्तर हजार कण सापडले. सरासरी दोन लाख चाळीस हजार, आणि त्यातले नव्वद टक्के नॅनो. पाण्यात प्लास्टिक अचानक वाढलं नव्हतं. चाळणी बारीक झाली होती.

त्या शोधनिबंधातल्या दोन गोष्टी बातम्यांतून गळाल्या, म्हणून मुद्दाम सांगतो. पहिली: बाटली पीईटीची असते, पण बऱ्याच नमुन्यांत पीईटीपेक्षा जास्त निघालं ते पॉलिअमाइड, म्हणजे नायलॉनच्या कुळातलं प्लास्टिक. पाणी शुद्ध करायच्या गाळण्यांमध्ये ते वापरतात, आणि ते तिथूनच आलं असावं असा संशोधकांचा अंदाज आहे. आरओच्या पडद्याचा सर्वांत वरचा पातळ थरसुद्धा पॉलिअमाइडचाच असतो. दुसरी: पाण्यात दिसलेल्या एकूण बारीक कणांपैकी या सात प्लास्टिकांचा वाटा जेमतेम दहा टक्के होता. उरलेले नव्वद टक्के काय आहेत, खनिज, सेंद्रिय काही की आठवं-नववं प्लास्टिक, हे त्या प्रयोगातून ठरलं नाही.

आता जरा पाटी-पेन्सिल घेऊ. दोन लाख चाळीस हजार म्हणजे वजनात किती? सोयीसाठी सगळे कण ०.२ मायक्रॉन जाडीचे गोल धरू. शंभर मायक्रॉनचा एक कण त्यांच्यापेक्षा व्यासाने पाचशे पट मोठा. वजन व्यासाच्या घनावर जातं, म्हणजे पाचशे गुणिले पाचशे गुणिले पाचशे: साडेबारा कोटी पट. साडेबारा कोटीला दोन लाख चाळीस हजारांनी भागलं की येतात सुमारे ५२० लिटर. म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसणारा, केसाच्या दीडपट जाडीचा एकच कण आणि ५२० लिटर पाण्यातले सगळे नॅनोकण, दोन्हीचं वजन सारखं. रोज दोन लिटर पिणाऱ्याला हे पाणी साडेआठ महिने पुरेल.

हा हिशेब ऐकून हायसं वाटत असेल तर थांबा, कारण नुसत्या वजनावर जाऊन चालत नाही. तोच ऐवज बारीक कुटला की त्याचा पृष्ठभाग वाढतो, आणि पेशींशी गाठ पडते ती पृष्ठभागाची. शिवाय १५० मायक्रॉनपेक्षा मोठा कण आतड्याच्या अस्तरातून आत शिरण्याची शक्यता जवळपास नाही, तो आला तसा बाहेर जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या अहवालात हेच म्हटलं आहे. बारीक कणांपैकीही थोडेच आत जात असावेत, पण जितका लहान तितकी शक्यता जास्त. त्यामुळे मोठा कण वजनदार पण बहुधा निरुपद्रवी, आणि लहान कण वजनाने नगण्य पण खरा प्रश्न त्याचाच, अशी ही उलटी गंमत आहे.

आठवड्याला पाच ग्रॅम, म्हणजे एक क्रेडिट कार्ड प्लास्टिक आपण खातो, हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. २०१९ मध्ये ते जगभर फिरलं. २०२१ साली नेदरलँड्समधल्या वाखेनिंगन विद्यापीठाच्या संशोधकांनी कणांचे आकार आणि वजनं नीट लावून पुन्हा हिशेब मांडला. मोठ्या माणसामागे आठवड्याला सुमारे ४.१ मायक्रोग्रॅम निघाले. ग्रॅम नव्हे, ग्रॅमचे दशलक्षांश. या गतीने एक कार्ड संपवायला तेवीस हजार वर्षं लागतील. एक मायक्रॉनच्या खालचे कण या हिशेबात नव्हते, पण ते वजनात फारशी भर घालत नाहीत हे आपण वर पाहिलंच. क्रेडिट कार्डाची उपमा मात्र अजून फिरते आहे. चांगली उपमा चुकीच्या आकड्यालाही दीर्घायुष्य देते.

नळाच्या पाण्याकडे येऊ.

धरणातून किंवा नदीतून आलेलं पाणी शुद्धीकरण केंद्रात येतं तेव्हा त्यात तुरटी किंवा तिच्या जातीचं रसायन घालतात. गढूळपणाचे बारीक कण एकमेकांना धरतात, गोळे होतात, तळाशी बसतात. वरचं पाणी वाळूच्या थरांतून गाळलं जातं आणि शेवटी क्लोरीन. ही सगळी व्यवस्था माती आणि जंतूंसाठी उभी केलेली आहे, प्लास्टिक कोणाच्या मनातही नव्हतं. पण तुरटीला कण मातीचा की प्लास्टिकचा याच्याशी देणंघेणं नाही, ती दोघांनाही गोळ्यात ओढते. चेक प्रजासत्ताकातल्या तीन केंद्रांवर २०१८ मध्ये मोजमाप झालं. येणाऱ्या कच्च्या पाण्यात लिटरमागे १,४७३ ते ३,६०५ कण, बाहेर जाणाऱ्या पाण्यात ३३८ ते ६२८. म्हणजे सत्तर ते त्र्याऐंशी टक्के कण गाळात गेले. एक मायक्रॉनपर्यंतचे कण त्यांनी मोजले होते.

त्याच सुमाराला वायव्य जर्मनीत भूजलावर चालणाऱ्या योजनांचं पाणी तपासलं गेलं, तर सरासरी निघाली ०.७ कण. तेही एका लिटरमागे नाही, हजार लिटरमागे! चेक माणूस रोज हजारभर कण पितो आणि शेजारचा जर्मन माणूस वर्षाकाठी अर्धा, असा अर्थ काढायचा मोह होतो. पण जर्मन गटाची चाळणी वीस मायक्रॉनची होती, त्याखालचं त्यांनी मोजलंच नाही. आणि पाणी जमिनीखालचं, म्हणजे निसर्गानेच मातीच्या थरांतून गाळून दिलेलं. दोन कारणं एकत्र आली, त्यातलं कोणतं किती, हे या दोन आकड्यांवरून सांगता येत नाही. म्हणूनच ‘नळाचं बरं की बाटलीचं बरं’ या प्रश्नाचं उत्तर दोन वेगवेगळ्या शोधनिबंधांतले आकडे शेजारी ठेवून काढू नये. एकाच प्रयोगशाळेत एकाच पद्धतीने दोन्ही मोजली, तरच तुलना.

आपल्याकडे दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेबरोबर गोव्यातलं नळाचं पाणी तपासलं, त्याचा अहवाल २०२१ मध्ये आला. केंद्रांवर आणि घरच्या नळांवर, दोन्हीकडे मायक्रोप्लास्टिक सापडलं. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, क्षार, आर्सेनिक, फ्लोराइड, जंतू सगळ्यांना मर्यादा आहेत. मायक्रोप्लास्टिकला नाही. यात आपण मागासलेले आहोत असं समजायचं कारण नाही. युरोपीय संघाने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यातलं मायक्रोप्लास्टिक कसं मोजायचं याची पद्धत ठरवली, मर्यादा त्यांनीही घातलेली नाही. किती प्रमाण घातक हेच ठाऊक नसताना आकडा लिहिणार कुठून?

बाटल्यांमध्येही सगळ्या सारख्या नसतात. जर्मनीत २०१८ मध्ये एकाच गटाने एकाच पद्धतीने बाटल्यांचे तीन प्रकार तपासले, म्हणून ही तुलना ग्राह्य. एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिकच्या बाटलीत लिटरमागे सरासरी १४ कण. परत भरून वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीत ११८. आणि काचेच्या बाटलीत ५०! काचेत प्लास्टिक कसं, असं वाटेल. २०२५ मध्ये फ्रान्सच्या अन्नसुरक्षा संस्थेने काचेच्या बाटल्यांचा माग काढला तेव्हा संशय धातूच्या झाकणावरच्या रंगावर गेला. झाकणं ढिगाने साठवताना एकमेकांवर घासतात, रंगाचे बारीक कपचे उडतात आणि झाकण बसवताना आत पडतात. झाकणं आधी हवेने फुंकून आणि धुऊन घेतली, तर कण बरेच कमी झाले.

प्लास्टिकच्या बाटलीचं झाकण उघडतानाही हेच घडतं. पहिल्यांदा पिळताना जो कडकड आवाज येतो, ते दोन प्लास्टिकं एकमेकांवर घासल्याचं लक्षण. झाकणाच्या आतले आटे भिंगाखाली पाहिले तर पुनःपुन्हा उघडबंद केलेल्या झाकणावर सुटलेल्या कणांची पावडर दिसते. परत भरल्या जाणाऱ्या बाटलीतल्या ११८ च्या आकड्यावरून मला ऑफिसांत आणि लग्नांत येणारे वीस लिटरचे जार आठवतात. ते तर वर्षानुवर्षं घासले, आपटले आणि टेम्पोवर उन्हात तापवले जातात. ओरखड्यांनी दुधाळ झालेला जार आला तर मी तो परत पाठवतो. प्लास्टिकपेक्षाही ओरखड्यांत धरणारी बुळबुळ हे त्याचं पहिलं कारण.

आता मुख्य प्रश्न: हे शरीरात जाऊन करतं काय?

सगळ्यांत गाजलेला पुरावा इटलीतल्या नेपल्सच्या आसपासचा आहे. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीत चरबीचा थर साचून ती अरुंद होते, तेव्हा शस्त्रक्रिया करून तो थर खरवडून काढतात. तिथले संशोधक मार्फेला यांच्या गटाने असे खरवडून काढलेले थर तपासले आणि रुग्णांवर सुमारे चौतीस महिने लक्ष ठेवलं. मार्च २०२४ मध्ये निष्कर्ष छापून आले. शेवटपर्यंत टिकलेल्या २५७ जणांपैकी १५० जणांच्या थरात पॉलिइथिलीन सापडलं, म्हणजे पिशव्यांचं प्लास्टिक. त्यांतल्या ३१ जणांत पीव्हीसीसुद्धा. प्लास्टिक सापडलेल्या १५० पैकी ३० जणांना पुढे हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात आला किंवा मृत्यू झाला. न सापडलेल्या १०७ पैकी हे ८ जणांच्या बाबतीत घडलं. शेकड्यात सांगायचं तर वीस विरुद्ध साडेसात. दोन्ही गटांतले वय, मधुमेह वगैरे फरक हिशेबात घेतल्यावर धोका साडेचारपट, आणि मथळा झाला तो याचा.

हा पुरावा किरकोळ नाही. रुग्ण खरे, मोजमाप आधी आणि परिणाम नंतर, शिवाय इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली चरबीच्या थरातल्या पेशींमध्ये कडा फाटलेले परके तुकडे दिसले. पण तो कुठवर नेता येतो हे पाहायला हवं. ज्यांच्यात प्लास्टिक सापडलं त्यांच्यात पुरुष, मधुमेही आणि धूम्रपान करणारे जास्त होते. आकडेमोडीने हे फरक वजा करता येतात, पण न मोजलेले फरक वजा करता येत नाहीत. माणूस कोणत्या हवेत राहतो, काय खातो, पाणी कुठलं पितो, यातलं काही नोंदवलेलं नव्हतं. रोगट धमनीत परके कण जास्त अडकत असतील, म्हणजे प्लास्टिक हे रोगाचं कारण नसून रोगाची खूण असेल, हीही शक्यता उरते. प्लास्टिकमुळेच हे झालं असं सिद्ध झालेलं नाही, हे लेखकांनी स्वतःच लिहिलं आहे.

आणि इथे तो जुना वाद परत येतो. मानवी ऊतकातलं प्लास्टिक मोजायची जी पद्धत इथे आणि पुढे मेंदूच्या गाजलेल्या अभ्यासात वापरली, तिच्यात नमुना ऑक्सिजनशिवाय तापवून त्याची वाफ करतात आणि त्या वाफेत कोणकोणते तुकडे आहेत ते ओळखतात. प्रत्येक प्लास्टिक तुटताना आपली ठरावीक मोडतोड मागे सोडतं. अडचण अशी की पॉलिइथिलीन म्हणजे कार्बनची लांबच लांब साखळी, तिच्या दोन्ही अंगांना हायड्रोजन. आणि आपल्या शरीरातल्या चरबीचं शेपूट? कार्बनची लांब साखळी, दोन्ही अंगांना हायड्रोजन. चरबी अशी तापवली तरी जवळपास तीच मोडतोड निघते. नमुन्यातली चरबी आधी पूर्ण काढून टाकली नाही, तर तुपाचा हिशेब पिशवीच्या खात्यावर चढतो.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी ही पद्धत मानवी रक्तावर तपासून पाहिली आणि २०२५ मध्ये सांगितलं, की पॉलिइथिलीन आणि पीव्हीसी ही दोन प्लास्टिकं मोजायला ती सध्या भरवशाची नाही. नेपल्समध्ये सापडलेली दोन प्लास्टिकं नेमकी हीच. म्हणून नेपल्सचं काम खोटं ठरतं असं नाही, पण ‘१५० जण’ या आकड्याखालची जमीन भुसभुशीत होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या गटाने मृतांच्या मेंदूत यकृत आणि मूत्रपिंडापेक्षा जास्त प्लास्टिक असल्याचं छापलं, तेही प्रामुख्याने पॉलिइथिलीन. मेंदूइतका चरबीदार अवयव दुसरा क्वचितच. त्यामुळे ‘मेंदूत चमचाभर प्लास्टिक’ हा मथळा मी तरी अजून पदरात घेतलेला नाही.

हा गोंधळ एकट्या चरबीचा नाही. प्रयोगशाळेत घालायच्या हातमोज्यांवर ते साच्यातून सुटावेत म्हणून स्टिअरेट नावाचा साबणासारखा पदार्थ असतो. तीही तीच लांब साखळी. जर्मनीतल्या एका गटाने २०२० मध्ये दाखवून दिलं, की स्वच्छतेसाठी घातलेल्या हातमोज्यांतून हे कण नमुन्यात उतरतात आणि यंत्र त्यांना पॉलिइथिलीन म्हणून मोजतं. म्हणून चांगल्या प्रयोगशाळेत सुती कोट घालतात, काचेची भांडी वापरतात, आणि प्रत्येक नमुन्याबरोबर एक ‘कोरा’ नमुना चालवतात: शुद्ध पाणी, तीच भांडी, तेच हात. कोऱ्यात जितके कण निघतील तितके खऱ्यातून वजा. पुढे कधी मायक्रोप्लास्टिकची बातमी वाचलीत आणि मूळ शोधनिबंध हाताशी असला, तर आधी कोऱ्या नमुन्यांबद्दल काय लिहिलंय ते शोधा. २०१९ मध्ये पाण्याबद्दलचे ५० अभ्यास गुणवत्तेच्या निकषांवर तपासले गेले, तेव्हा सगळ्या कसोट्यांवर फक्त चार उतरले होते.

उंदरांवरचे प्रयोग भरपूर आहेत आणि त्यांत आतड्याला सूज, प्रजननावर परिणाम असं बरंच काही दिसतं. पण बहुतेकांत विकत मिळणारे पॉलिस्टायरीनचे गुळगुळीत, एकसारखे मणी वापरतात आणि मात्रा आपल्या रोजच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त असते. पाण्यात येतात ते कपचे, तंतू, सूर्यप्रकाशाने जीर्ण झालेले, अंगावर जंतूंचा थर चढलेले. मण्यांवरून त्यांचा अंदाज बांधणं अवघड आहे. ठाम सांगता येतं ते एवढंच: कण आपल्या पोटात जातात, त्यातले अगदी बारीक काही प्रमाणात आत शिरू शकतात, आणि भरपूर मात्रेत ते प्राण्यांच्या पेशींना त्रास देतात. पाण्यातून जाणाऱ्या मात्रेने माणसाला काय होतं, हे अजून कोणी मोजून दाखवलेलं नाही. माणसांना पाण्यानुसार गटांत विभागून दहा-वीस वर्षं त्यांच्या तब्येतीचा माग काढावा लागेल, आणि त्याआधी भरवशाची मोजपट्टी हवी.

घरात काय करायचं, हे मात्र थोडंफार सांगता येतं, कारण तिथे आजाराचा नाही तर कणांचा प्रश्न आहे, आणि कण मोजता येतात.

चीनमधल्या ग्वांगझूच्या संशोधकांनी २०२४ मध्ये नळाच्या पाण्यात मुद्दाम प्लास्टिकचे बारीक कण मिसळून ते पाच मिनिटं उकळलं. पाणी जड असेल, लिटरमागे ३०० मिलिग्रॅम क्षार असतील, तर नव्वद टक्क्यांपर्यंत कण कमी झाले. पाणी हलकं असेल, साठच्या खाली, तर पंचवीस टक्केच. कारण सोपं आहे. जड पाणी उकळलं की पातेल्याला पांढरा थर धरतो. तो चुना तयार होताना पाण्यातल्या कणांभोवती जमतो आणि त्यांना पोटात घेऊन खाली बसतो. मग पाणी निवळू द्यायचं आणि कॉफीच्या कागदी गाळणीसारख्या कशातून गाळायचं. बोअरचं जड पाणी वापरणाऱ्यांच्या पातेल्यात हे घडेल. मुंबईकरांच्या धरणाच्या हलक्या पाण्यात फारसं नाही, त्यांच्या पातेल्याला मुळी थरच धरत नाही. थर चमच्याने खरवडून परत पाण्यात ढवळू नये, हे वेगळं सांगायला नको.

सगळ्यांत मोठा फरक मात्र पाण्याचा नसून उष्णतेचा आहे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये २०२० साली बाळांच्या दुधाच्या पॉलिप्रॉपिलीनच्या बाटल्या तपासल्या. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे सहा लाख कण सुटले. ९५ अंशांच्या पाण्यात साडेपाच कोटी. नळ की बाटली यावर आपण वाद घालत बसतो, आणि उकळतं पाणी प्लास्टिकच्या भांड्यात ओतण्याने आकडा नव्वदपट होतो. पावडरचं दूध गरम पाण्यातच कालवायला हवं, कारण त्यातले जंतू मारणं प्लास्टिकपेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे. पण ते स्टीलच्या भांड्यात कालवावं, कोमट होऊ द्यावं आणि मग बाटलीत भरावं.

आमच्या घरी एवढं बदललं: उकळलेलं पाणी थेट प्लास्टिकच्या जगमध्ये ओतणं बंद झालं, ते आता तांब्याच्या हंड्यात निवतं. नळाचं पाणी आहे तेच आहे. आणि गाडी भुसावळला थांबली, घसा कोरडा पडला आणि फलाटावरच्या नळाचा भरवसा वाटला नाही, तर बाटली घेतो, कडकड करून झाकण उघडतो आणि पितो. दूषित पाण्याने होणारी कावीळ कुठल्याही अनिश्चिततेत मोडत नाही.